अभिनंदनासोबत एक प्रश्न: सहकाऱ्याने कोर्स पूर्ण केल्याच्या पोस्टवरची कमेंट

पार्श्वभूमी

परभणी परिसरातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. प्रकरणात मुख्य माणसं दोन. एक मॅडम, इलेक्ट्रॉनिक्स विभागात सहायक प्राध्यापक. दुसरे त्याच विभागातले सर, मॅडमपेक्षा चार-पाच वर्षांनी सीनिअर आणि त्या वर्षी थर्ड इयरचे क्लास टीचर.

मॅडमनी जानेवारी ते एप्रिलच्या सत्रात एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर मशीन लर्निंगचा १२ आठवड्यांचा कोर्स केला. हे कोर्स शिकायला फुकट असतात. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र फी भरून, ठरवून दिलेल्या केंद्रावर जाऊन तीन तासांची परीक्षा द्यावी लागते. त्या सत्रात ही फी १००० रुपये होती. मॅडमना छत्रपती संभाजीनगरचं केंद्र आणि दुपारी २ ते ५ ची वेळ मिळाली होती. एप्रिल संपता संपताचं ऊन, कॉलेजात प्रॅक्टिकल आणि ओरल चालू, त्यात सकाळची गाडी धरून जायचं आणि रात्री परत यायचं. जूनच्या सुरुवातीला प्रमाणपत्र आलं. त्यांनी त्याचा फोटो लिंक्डइनवर टाकला, विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. खाली ओळीने ‘अभिनंदन मॅडम’, फुलं आणि टाळ्या जमा झाल्या.

सरांनाही अभिनंदन करायचं होतं, मनापासून. पण त्यांच्यापुढे आणखी एक काम होतं. थर्ड इयरच्या मुलांना पुढच्या जुलैच्या सत्रात कोणता ऑनलाइन कोर्स सुचवायचा, हे त्यांना ठरवायचं होतं. मशीन लर्निंगचं नाव मुलांच्या तोंडी होतंच आणि एचओडींचा, म्हणजे विभागप्रमुखांचाही कल तिकडेच होता. नवी नोंदणी बंद व्हायला थोडेच आठवडे उरले होते. कोर्स खरंच कसा आहे हे सांगू शकणारं माणूस विभागात एकच होतं, आणि त्या माणसाच्या पोस्टखाली सगळे फुलं वाहत होते.

अडचण नेमकी कुठे होती

कोर्सची माहिती मिळवणं अवघड नव्हतं. आठवडावार विषयांची यादी कोर्सच्या पानावर असते, पहिले व्हिडिओ कुणालाही पाहता येतात. पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुलं का गळतात, असाइनमेंटला किती वेळ लागतो, परीक्षेत काय विचारतात, हे त्या पानावर नसतं. ते कोर्स केलेल्यालाच माहीत असतं.

पूर्ण केल्याची पोस्ट म्हणजे सांगणाऱ्यासाठी समारंभ असतो. त्यात कुणी ‘कोर्स कसा होता’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘खूप छान, नक्की करा.’ यात खोटेपणा काही नाही. चार लोकांसमोर, आनंदाच्या दिवशी आणि इतक्या मोघम प्रश्नाला माणूस दुसरं काय उत्तर देणार? उलट टोकदार प्रश्न विचारला तर तो परीक्षा घेतल्यासारखा वाटतो. त्यातही विचारणारा सीनिअर असला आणि पोस्ट एचओडी वाचत असले, तर जास्तच.

म्हणजे सरांना एकाच कमेंटमध्ये दोन गोष्टी साधायच्या होत्या. मॅडमच्या मेहनतीची खरी दखल घ्यायची होती, आणि त्यांना खरं सांगावंसं वाटेल असा प्रश्न विचारायचा होता. यातली दुसरी गोष्ट पहिलीवर उभी आहे. दखल वरवरची असली की प्रश्न चौकशीसारखा वाटायला लागतो.

आधी प्रमाणपत्र वाचलं

सरांनी सुरुवातीलाच एक शहाणपणाची गोष्ट केली. कमेंट लिहायच्या आधी फोटो मोठा करून प्रमाणपत्र नीट वाचलं. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रावर एकूण गुणांखेरीज त्यांची फोडही असते: साप्ताहिक असाइनमेंटचे २५ पैकी किती आणि परीक्षेचे ७५ पैकी किती. मॅडमना असाइनमेंटला २३ आणि परीक्षेला ४३, असे एकूण ६६ होते. ६० ते ७४ च्या टप्प्यात ‘एलिट’ शेरा मिळतो, तो त्यांना मिळाला होता. ७५ च्या पुढे एलिट अधिक रौप्य आणि ९० च्या पुढे एलिट अधिक सुवर्ण.

ही फोड वाचता आली की बरंच कळतं. असाइनमेंटचे गुण सगळ्या बारांवर नसतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला त्यातल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी धरतात. चार आठवडे बुडाले तरी २५ पैकी पूर्ण गुण मिळू शकतात. मुदत संपेपर्यंत उत्तरं बदलून पुन्हा सबमिट करता येतात आणि शेजारी व्हिडिओ उघडा ठेवून सोडवायलाही कुणाची आडकाठी नसते. परीक्षा मात्र केंद्रावर, देखरेखीखाली. त्यामुळे असाइनमेंटला ९२ टक्के आणि परीक्षेला ५७ टक्के हे अंतर मोठं दिसलं तरी त्यात नवल काही नाही.

पण मुलांसाठी निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने हे अंतरच सगळ्यांत महत्त्वाचं होतं. प्रमाणपत्राला दोन अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात: असाइनमेंटला २५ पैकी किमान १० आणि परीक्षेला ७५ पैकी किमान ३०. एखाद्या मुलाला असाइनमेंटला २४ आणि परीक्षेला २८ मिळाले, तर बेरीज ५२ होते. पण प्रमाणपत्र मिळत नाही आणि फी गेलेली असते. असाइनमेंट आणि परीक्षा यांत अंतर का पडतं, हे सरांना कळायलाच हवं होतं. प्रश्न एवढाच होता की ते कुठे आणि कोणत्या शब्दांत विचारायचं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे एचओडी होते, प्राचार्यही होते. ग्रुपवर विचारलेला प्रश्न कामकाजाचा होतो. उत्तर देणाऱ्याला वाटतं की याचं रेकॉर्ड राहील, उद्या मीटिंगमध्ये निघेल. शिवाय दुपारपर्यंत सबमिशनच्या तारखा आणि परीक्षेच्या ड्युट्यांच्या मेसेजखाली तो प्रश्न गाडला गेला असता. हा पर्याय सरांनी लगेच सोडला, ते बरोबरच केलं.

दुसरा पर्याय खासगी मेसेज किंवा स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी विचारणं. खरं उत्तर मिळण्याची खात्री इथे सर्वांत जास्त. पण दोन गोष्टी हुकल्या असत्या. उघडपणे ‘तुमच्या अनुभवाचा मला उपयोग आहे’ असं सीनिअरने म्हणणं, हा मॅडमचा मान होता. तो नुसत्या फुलांपेक्षा मोठा. आणि मॅडमच्या पोस्टवर त्यांचे बरेच विद्यार्थी होते, त्यांनाही ते उत्तर वाचायला मिळालं असतं.

तिसरा पर्याय लिंक्डइनच्या पोस्टखालीच कमेंट. तिथे बाहेरचे लोक असतात, कधी काळी नोकरीसाठी प्रोफाइल पाहणारेही. त्यामुळे मॅडमची बाजू कमकुवत दिसेल असं काहीही तिथे विचारणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं होतं.

सरांनी प्रश्नाचे दोन भाग केले. ज्याचं उत्तर दिल्याने मॅडम जाणकार म्हणून उठून दिसतील तो भाग पोस्टखाली. गुणांमधलं अंतर आणि परीक्षेचा अनुभव हा भाग समोरासमोर, दार बंद असताना. या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय, असं आमचं मत आहे. बहुतेक जण सगळं एका ठिकाणी विचारायला जातात. मग पोस्टखाली अवघड प्रश्न पडून राहतो, नाहीतर खासगीत नुसतं कौतुक होऊन विषय संपतो.

कमेंट कशी घडत गेली

पहिला मसुदा असा होता:

‘अभिनंदन मॅडम! कोर्स कसा वाटला?’

यात चूक काही नाही, पण यातून मिळण्यासारखंही काही नाही. ‘कसा वाटला’ला एका शब्दात उत्तर देता येतं आणि लोक तेच देतात.

दुसरा मसुदा उलट बाजूला गेला:

‘अभिनंदन मॅडम. असाइनमेंटला २३ आणि परीक्षेला ४३, म्हणजे असाइनमेंट सोप्या होत्या का? प्रोग्रामिंग किती होतं? आठवड्याला किती तास लागले? थर्ड इयरला झेपेल का?’

यातला प्रत्येक प्रश्न कामाचा आहे. पण चार प्रश्न एका दमात आले की ओरल घेतल्यासारखं होतं, आणि पहिल्या प्रश्नाने ज्यांचं लक्षही गेलं नव्हतं त्यांनाही ४३ हा आकडा दाखवून दिला असता. सरांनी हा मसुदा पाठवला नाही. मात्र त्यातला ‘आठवड्याला किती तास’ हा धागा ठेवला.

तिसऱ्यात त्यांनी लिहिलं: ‘गणिताचा भाग कोणत्या आठवड्यात जड गेला?’ प्रश्न आता एका ठिकाणी टेकला होता. तरी ‘जड गेला’ हे शब्द खटकत होते. गणित जड गेलं असणारच, असं ते गृहीत धरतात; आणि प्राध्यापकाने विद्यार्थ्यांदेखत ‘मला जड गेलं’ म्हणावं, अशी अपेक्षा करतात. शेवटी त्यांनी जड-सोपं हा भेदच काढून टाकला आणि वेळ विचारला. जास्त वेळ दिला, हे सांगण्यात कुणालाच कमीपणा नसतो. आणि जिथे जास्त वेळ गेला तिथेच अडचण होती, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

पाठवलेली कमेंट अशी होती:

‘मॅडम, मनापासून अभिनंदन. प्रॅक्टिकल, ओरल सांभाळून बारा आठवडे नेटाने काढणं आणि उन्हात संभाजीनगरला जाऊन परीक्षा देणं, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. एक विचारू का? सर्वांत जास्त वेळ कोणत्या आठवड्याला द्यावा लागला, आणि तिथे तुम्हाला कशाचा उपयोग झाला? थर्ड इयरला हा कोर्स सुचवावा का, याचा विचार चालू आहे, म्हणून तुमचं मत हवं. सवडीने सांगा.’

ही कमेंट सुटी करून पाहण्यासारखी आहे. कौतुक प्रमाणपत्राचं नाही, केलेल्या कामाचं आहे. आणि ते या एकाच माणसाला लागू पडतं. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या पोस्टखाली चिकटवता येणार नाही. प्रश्न एकच आहे, त्याला जोडून ‘कशाचा उपयोग झाला’ हा भाग आहे. त्यामुळे उत्तर तक्रारीवर थांबत नाही, उपायापर्यंत जातं. विचारण्याचं कारण उघड सांगितलं आहे. कारण न सांगता असा प्रश्न टाकला की समोरच्याला शंका येते: हे का विचारताहेत? आणि शेवटचं ‘सवडीने सांगा’ म्हणजे उत्तर न देण्याचीही मोकळीक.

एक लहान गोष्ट वेळेची. पोस्ट पडल्या-पडल्या सरांनी फक्त अभिनंदनाची खूण केली. कमेंट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकली. पहिल्या दिवसाचा आनंद तसाच राहू दिला, आणि गर्दी ओसरल्यावर मॅडमना उत्तर लिहायला निवांतपणा मिळाला. फार थांबणंही बरोबर नसतं. आठवडाभराने आलेला प्रश्न निव्वळ कामापुरता वाटतो.

उत्तर काय आलं

मॅडमनी पोस्टखालीच लिहिलं: ‘धन्यवाद सर. चौथा आठवडा, सपोर्ट व्हेक्टर मशीन. बाकी आठवड्यांना पाच-सहा तास पुरले, त्याला जवळपास दुप्पट गेले. व्हिडिओ थांबवून प्रत्येक पायरी वहीत स्वतः केली, तेव्हा कळलं. मुलांसाठी म्हणाल तर सविस्तर बोलू.’

उघड्यावर मिळू शकणारं हे उत्तम उत्तर होतं. त्यात आठवडा आहे, विषय आहे, वेळ आहे आणि उपाय आहे. शिवाय ‘सविस्तर बोलू’ म्हणजे बरंच काही आहे, पण इथे नको. सरांनी ते ओळखलं.

यानंतर एक अडथळा आला. दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याने त्याच धाग्यात लिहिलं की एनपीटीईएलच्या असाइनमेंटची उत्तरं यूट्यूबवर मिळतातच, मग अवघड ते काय? बोलणं सहज होतं, पण त्याने मॅडमच्या मेहनतीवरच पाणी पडत होतं. असा प्रसंग आला की प्रश्न विचारणाऱ्यावर एक जबाबदारी येते, कारण चर्चेचं दार त्यानेच उघडलेलं असतं. सरांनी वाद घातला नाही. एवढंच लिहिलं: ‘उत्तरं मिळतात हे खरं, पण ७५ गुण केंद्रावरच्या परीक्षेचे असतात. मॅडमनी वहीत पायऱ्या केल्या, तसं मुलांकडून करून घ्यायचं आहे.’ धागा तिथेच शांत झाला.

स्टाफरूममधलं बोलणं

दोन दिवसांनी चहाच्या वेळी दोघे बोलले. सरांनी सुरुवात मॅडमच्या गुणांवरून केली नाही, मुलांवरून केली: आपल्या मुलांना असाइनमेंटला चांगले गुण पडतील, पण परीक्षेला काय होईल? हा प्रश्न मुलांबद्दल असल्यामुळे मॅडम स्वतःच्या अनुभवावर मोकळेपणाने बोलल्या. ‘सर, असाइनमेंटवर जाऊ नका. लेक्चर शेजारी चालू ठेवून सोडवलं की सगळंच येतं बघा. परीक्षेला तेच जरा फिरवून विचारतात, तिथं लई फरक पडतो.’

चौथ्या आठवड्याबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते कोर्सच्या पानावर कुठेच मिळालं नसतं. सपोर्ट व्हेक्टर मशीनमध्ये दोन गटांना वेगळं करणारी, दोन्हीकडच्या जवळच्या बिंदूंपासून जास्तीत जास्त लांब असलेली रेषा शोधायची असते. त्यासाठी अट पाळून सर्वांत मोठी किंवा लहान किंमत काढण्याची, लाग्रांजच्या गुणकांची पद्धत लागते. ती पद्धत मुलं पहिल्या वर्षाच्या गणितात शिकलेली असतात; पण तिथे अट समीकरणाच्या रूपात असते. इथे अट असमानतेची असते: प्रत्येक बिंदू आपापल्या बाजूला किमान ठरावीक अंतरावर असलाच पाहिजे. त्यामुळे गुणकांवरही अटी येतात आणि मूळ गणिताला एक जोडगणित तयार होतं. व्याख्यानात ही उडी पाच मिनिटांत होते. ‘हे तर आपण शिकलोय’ असं वाटून मुलगा पुढे जातो आणि नंतरच्या सगळ्या पायऱ्या त्याला नुसत्या पाठ कराव्या लागतात.

त्यांनी तीन गोष्टी आणखी सांगितल्या. या कोर्समध्ये प्रोग्रामिंग जवळपास नव्हतं, सगळा भर गणितावर होता. नावावरून मुलांची अपेक्षा उलटी असते. असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री संपायची आणि बहुतेक मुलं बुधवारीच बसतात, त्यामुळे शंका विचारायला वेळ राहत नाही. आणि आठवे-नववे आठवडे कॉलेजच्या मिड-सेमशी आदळतात. ‘सर्वांत चांगल्या आठांची सरासरी’ हा नियम माहीत असलेला मुलगा तिथे घाबरत नाही. माहीत नसलेला एक असाइनमेंट बुडाली की कोर्सच सोडून देतो.

पुढे काय केलं

सरांनी कोर्स सगळ्या वर्गाला सुचवायचा बेत सोडला. एचओडींना त्यांनी सांगितलं की ज्यांना गणितात रस आहे त्यांनी हा १२ आठवड्यांचा कोर्स घ्यावा, बाकीच्यांनी पायथॉनचा लहान कोर्स आधी करावा. एचओडी आधी नाराज झाले, कारण आकडा लहान दिसणार होता. पण मॅडमनी दिलेलं चौथ्या आठवड्याचं कारण इतकं नेमकं होतं की त्यावर फार बोलता आलं नाही. ‘कोर्स अवघड आहे’ असं म्हटलं असतं तर ‘मग मुलांनी अवघड करायचं नाही का?’ हे उत्तर ठरलेलं होतं.

जुलैच्या सत्रात अकरा मुलांनी नाव घातलं. चौथ्या आठवड्याच्या शनिवारी मॅडम आणि सरांनी मिळून लॅबमध्ये दोन तास घेतले आणि फळ्यावर एकच उदाहरण हाताने सोडवलं. बिंदू दोनच: (१, १) एका गटाचा, (−१, −१) दुसऱ्या गटाचा. प्रत्येकाने वहीत गुणक काढायचा (तो १/४ येतो), त्यावरून रेषा x + y = 0 येते का ते पाहायचं आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून राहणारा मोकळा पट्टा दोन बिंदूंमधल्या अंतराइतकाच, म्हणजे २√२ रुंद आहे, हे पडताळायचं. दोन बिंदूंचं उदाहरण पोरकट वाटतं. पण असमानतेची अट कुठे लागते आणि गुणक शून्य का होत नाही, हे त्यातच डोळ्यांना दिसतं.

परीक्षेला आठ जण बसले, सहा जणांना प्रमाणपत्र मिळालं. राहिलेल्या दोघांचे असाइनमेंटचे गुण विसाच्या पुढे होते आणि परीक्षेत ते ३० च्या खाली राहिले. मॅडमनी सांगितलेलं अंतर ते हेच.

सरांनी एक काम उशिरा का होईना, केलं. मॅडमच्या त्याच पोस्टखाली परत जाऊन लिहिलं की तुमच्या सांगण्यावरून चौथ्या आठवड्याला वर्ग घेतला आणि मुलांना उपयोग झाला. विचारलेल्या प्रश्नाचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी लोक दोन ओळींचंही उत्तर लिहीत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

मॅडमच्या पहिल्या उत्तरानंतर सरांनी पोस्टखाली लगेच काहीच लिहिलं नाही. स्टाफरूममध्ये बोलणं होणारच होतं म्हणून त्यांना गरज वाटली नाही. पण त्या मधल्या काळातच यूट्यूबची कमेंट आली. ‘नेमकं हेच हवं होतं मॅडम, भेटून बोलतो’ एवढी एक ओळ वेळेवर पडली असती, तर पुढच्या माणसाला चर्चेचा सूर कळला असता.

दुसरी गोष्ट परवानगीची. उघडपणे प्रश्न विचारण्याआधी मॅडमना एक मेसेज करून ‘पोस्टखाली विचारलं तर चालेल ना?’ एवढं विचारता आलं असतं. इथे निभावलं, कारण दोघांचं पटत होतं आणि मॅडमचे गुण चांगले होते. समोरच्याला काठावरचे गुण असते, किंवा ओळख नुसती तोंडदेखली असती, तर प्रमाणपत्राच्या फोटोखाली कोर्सच्या तपशिलाचा कोणताही प्रश्न न विचारलेलाच बरा. तिथे मनापासून अभिनंदन करावं आणि बाकीचं भेटल्यावर.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी होती आणि ती नोव्हेंबरमध्ये, निकालाची वाट पाहताना लक्षात आली. त्याच जानेवारी सत्रात विभागातल्या आणखी दोघांनी हाच कोर्स सुरू केला होता आणि दोघांनी तो मध्येच सोडला होता. नाव घालायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे सोडल्याचंही कुणाला कळत नाही आणि सोडल्याची पोस्ट कुणी टाकत नाही. सरांनी फक्त पूर्ण केलेल्या माणसाला विचारलं. मॅडमनी वहीत पायऱ्या करून चौथा आठवडा पार केला. पण तिथे न थांबलेल्या माणसाला, माणूस तिथे का थांबतो, हे पूर्ण सांगता येत नाही. मुलांमधल्या तिघांनी परीक्षेआधीच कोर्स सोडला. त्यांच्याबद्दल मॅडमच्या उत्तरात काहीच नव्हतं, असणं शक्यही नव्हतं.

हे कळायला एकच जोडप्रश्न पुरला असता, तोही स्टाफरूममध्ये: ‘मॅडम, तुमच्यासोबत आणखी कुणी सुरू केला होता का?’ मॅडमना दोघांचीही नावं माहीत होती. पुढच्या सत्राला सरांनी त्या दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं. ‘का सोडला?’ असं न विचारता त्यांनी विचारलं, ‘शेवटचा कोणता व्हिडिओ पाहिल्याचं आठवतं?’ एकाला चौथ्या आठवड्यातला दुसरा व्हिडिओ आठवत होता. दुसऱ्याला व्हिडिओ आठवत नव्हता. मिड-सेमचे पेपर तपासायचा आठवडा आठवत होता, आणि सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.